अंथरुणातली उलटतपासणी

दिवा मालवल्यावर डोक्यात जे सुरू होतं ते पुष्कळदा एका वाक्याएवढंच असतं. दिवसभर त्या वाक्याची आठवणही नसते. अंधार झाला, घरातले आवाज थांबले की मात्र ते समोर येऊन उभं राहतं आणि 'असं का बोललो?' या प्रश्नाची फेरी सुरू होते. घड्याळात एक वाजतो, मग दोन.

एक प्रसंग घेऊ. समजा, एक बाई मैत्रिणीला भेटायला गेल्या. मैत्रिणीचे वडील दीड वर्ष अंथरुणाला खिळून होते, ते आठवड्यापूर्वी गेले. बोलता बोलता बाईंच्या तोंडून निघून गेलं, "सुटले गं बिचारे एकदाचे." मैत्रीण काही बोलली नाही. उठून आत गेली, थोड्या वेळाने परत आली आणि बाकीचं बोलणं झालं. अशा घरातून निघताना 'येते' म्हणायचं नसतं, म्हणून बाई नुसत्याच उठल्या. बोलणं मध्येच तुटल्यासारखं राहिलं.

त्या रात्री साडेअकराला बाईंनी पाठ टेकली आणि तेच वाक्य पुन्हा ऐकू आलं. मैत्रीण आत गेली ती रडायलाच गेली असणार. तिच्या भावानेही ऐकलं असेल का? मला कधी काय बोलावं कळतच नाही. नणंदेच्या डोहाळजेवणातही असंच बोलून बसले होते. एका वाक्यापासून निघालेला विचार स्वतःच्या स्वभावावर आणि दहा वर्षांपूर्वीच्या प्रसंगांवर जाऊन पोचतो, आणि तोवर छातीत धडधडायला लागलेलं असतं.

याची एक खूण नीट पाहण्यासारखी आहे. असा विचार करताना आपण काहीतरी सोडवतोय असं वाटत राहतं, म्हणून तो थांबवावासा वाटत नाही. पण तासाभराने हाती काय आलं ते पाहावं, तर काहीच नवं नसतं. इंग्लंडमधल्या एक्सेटर विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ एडवर्ड वॉटकिन्स यांनी अशा विचारांवर वर्षानुवर्षं काम केलं आहे. फरक विषयात नसून प्रश्नाच्या घडणीत आहे, असं त्यांच्या कामातून दिसतं. 'माझंच असं का होतं?' हा प्रश्न मोघम आहे आणि त्याला तळ नाही. 'मी नेमकं काय बोलले, त्यानंतर काय घडलं, आता पुढे काय करता येईल?' हे प्रश्न त्याच प्रसंगाचे, पण त्यांना उत्तर असतं आणि म्हणून शेवटही असतो.

दुसरी गोष्ट आठवणीची. आठवण ही प्रत्येक वेळी नव्याने जुळवली जाते. मैत्रिणीचा चेहरा रात्री पाचव्यांदा आठवताना त्यात आपली त्या क्षणीची शरम मिसळलेली असते. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स यांनी 1995 मध्ये सामाजिक भीतीचं जे विवेचन केलं, त्यात या 'नंतरच्या उजळणी'ला मोठी जागा आहे. आपल्याला आतून जेवढं ओशाळवाणं वाटलं तेवढेच आपण बाहेरून ओशाळवाणे दिसलो, असं माणूस धरून चालतो. अमेरिकेत 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात अनोळखी माणसांना एकमेकांशी गप्पा मारायला लावल्या आणि नंतर प्रत्येकाला विचारलं, समोरच्याला तुम्ही किती आवडलात? लोकांचा अंदाज सर्रास कमी निघाला. समोरच्याला ते त्याहून जास्त आवडले होते. हे वाचून रात्रीच्या उजळणीतली निदान निम्मी हवा तरी निघावी. मात्र आपल्या बाईंना याचा आधार पुरायचा नाही. त्यांचं वाक्य खरोखर लागलं असण्याची शक्यता आहे, आणि 'कुणाच्या लक्षातही नसेल' अशी समजूत घालून ती जात नाही.

मग विचार ढकलून द्यावा का? बहुतेक जण तेच करतात आणि तिथेच फसतात. डॅनियल वेग्नर यांनी 1987 मध्ये विद्यार्थ्यांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं. अस्वल येतच राहिलं. नंतर विचार करायची मोकळीक दिली, तेव्हा ते आधीपासून मोकळीक असलेल्यांपेक्षाही जास्त वेळा आलं. विचार आला का हे तपासायला मनाला तो विचार जवळ ठेवावाच लागतो. अंथरुणात 'आता हे डोक्यात आणायचं नाही' असं स्वतःला बजावणं म्हणजे हाच प्रयोग घरी करणं.

म्हणून मला सर्वांत भरवशाची वाटते ती युक्ती अंथरुणात करायचीच नाही, संध्याकाळी करायची. कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञ कॉलीन कार्नी यांनी ती अनिद्रेच्या उपचारात रुळवली. झोपायच्या किमान दोन तास आधी, साधारण पंधरा मिनिटं, कागद-पेन घेऊन टेबलाशी किंवा ओट्याशी बसायचं, पलंगावर नाही. कागदाचे उभे दोन भाग करायचे. डावीकडे आज रात्री डोक्यात येईल असं वाटणारी गोष्ट, उजवीकडे त्यावरचं फक्त पुढचं पाऊल. पूर्ण तोडगा शोधायचा नाही.

बाईंनी दुसऱ्या दिवशी साडेसातला कुकर लावून हे केलं असं धरू. डावीकडे त्या पहिल्यांदा लिहितात, 'मी तिचं मन दुखावलं.' हे मोघम झालं. ते खोडून, कॅमेऱ्याला दिसलं असतं तेवढंच लिहायचं: 'मी म्हणाले, सुटले एकदाचे. ती आत गेली. थोड्या वेळाने आली. पुढे आम्ही काकांच्या शेवटच्या दिवसांबद्दल बोललो.' ती रडायला गेली, भावाने ऐकलं, हे यात कुठेच नाही, कारण ते बाईंनी पाहिलेलं नाही. लिहिताना हे आपोआप वेगळं पडतं, मनातल्या मनात पडत नाही. उजवीकडे पाऊल: 'रविवारी सकाळी फोन करायचा. म्हणायचं, परवा माझे शब्द चुकले. काकांचे हाल संपले एवढंच म्हणायचं होतं.' दिवस ठरला, वाक्य ठरलं. कागद घडी घालून ड्रॉवरमध्ये. रात्री विचार आलाच, तर 'रविवारी, ड्रॉवरमध्ये आहे' एवढंच उत्तर त्याला द्यायचं.

डोहाळजेवणातल्या जुन्या वाक्याचं काय? त्यावर आता करण्यासारखं काही नसेल, तर उजवीकडे तसंच लिहायचं: 'यावर आता काही करायचं नाही.' हे लिहिणं जड जातं. पण प्रश्न उघडा ठेवण्यापेक्षा ते बरं.

पुढचं काम कागदावर उतरवल्याने झोप लवकर येते, याला थोडा पुरावाही आहे. टेक्सासमधल्या बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन यांनी 57 तरुणांना झोपण्यापूर्वी पाच मिनिटं लिहायला बसवलं. निम्म्यांनी उरलेल्या कामांची यादी केली, निम्म्यांनी झालेल्या कामांची. उरलेली कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊएक मिनिटं लवकर झोप लागली, आणि यादी जितकी तपशीलवार तितका फायदा जास्त. प्रयोग लहान होता, निरोगी तरुणांवर एकाच रात्रीचा होता. त्यातून फार मोठा निष्कर्ष काढू नये.

लिहिण्याचं बिघडतं कसं, तेही सांगायला हवं. झोपायच्या तोंडावर डायरी उघडून 'मी अशी का आहे' हे पानंच्या पानं लिहिणं म्हणजे तीच उजळणी, फक्त हातात पेन घेऊन. एकच वाक्य दुसऱ्यांदा लिहिलं जातंय असं दिसलं की थांबावं. आणि माफीचा मेसेज रात्री एक वाजता पाठवू नये. मग दोन निळ्या खुणा कधी उमटतात याची वाट पाहण्यात उरलेली रात्र जाते.

एवढं करूनही वाक्य आलंच, तर अंथरुणात मनाला शब्दांऐवजी चित्रं द्यावीत. अॅलिसन हार्वी यांनी अनिद्रेच्या रुग्णांना झोपताना एखादं प्रसन्न दृश्य बारकाव्यांनिशी डोळ्यांसमोर आणायला सांगितलं, तेव्हा त्यांना इतरांपेक्षा लवकर झोप लागली. नुसतं 'दुसरा काहीतरी विचार करा' असं सांगून तेवढा उपयोग झाला नव्हता. कॅनडातल्या ल्यूक बोदुआँ यांची पद्धत याच वाटेने जाते आणि मराठीत छान जमते. 'कमळ'सारखा कसलीच आठवण न चाळवणारा शब्द घ्यायचा. 'क'ची वस्तू: कंदील. चार-सहा सेकंद तो नुसता पाहायचा, त्याची काच, काजळी. मग कासव. मग कढई. सुचेनासं झालं की 'म'वर जायचं: माठ, मोर, मका. वस्तूंची गोष्ट गुंफायची नाही आणि किती झाल्या ते मोजायचं नाही. गोष्ट झाली की तिच्यात माणसं येतात आणि पाठोपाठ मैत्रीण येते. या पद्धतीवरचं संशोधन अजून तोकडं आहे, पण करून पाहायला काही जात नाही.

वीसेक मिनिटं झाली असं वाटलं आणि तरी डोळा लागला नाही, तर उठावं. अंदाजानेच, घड्याळ न पाहता. 'आता झोपले तरी साडेचार तास मिळतील' हा हिशेब झोप आणखी लांबवतो. रिचर्ड बूटझिन यांनी 1972 मध्ये मांडलेला हा नियम आजही अनिद्रेच्या उपचाराचा कणा आहे. रोज तासभर जागं पडून राहिलं की शरीर अंथरुणाची सांगड जागेपणाशी घालतं. टीव्हीसमोर पेंगणारा माणूस गादीवर पडताच टक्क जागा होतो, ही त्याची ओळखीची खूण. म्हणून बाहेर येऊन मंद उजेडात वाचलेलंच काहीतरी वाचावं, कपड्यांच्या घड्या घालाव्यात, डोळे जड झाले की परत जावं. एकाच खोलीत सगळे झोपत असतील तर गादी सोडून खुर्चीवर किंवा उंबऱ्याशी बसलं तरी चालतं. गादी सुटणं महत्त्वाचं. फोन घेऊ नये. रात्र कशीही गेली तरी सकाळी उठायची वेळ तीच ठेवावी आणि दुपारी झोपू नये. पहिले काही दिवस यात दमायला होतं आणि पुष्कळ जण नेमके तिथेच सोडून देतात. दमलेपणाच पुढच्या रात्रीची झोप ओढून आणतो. मात्र गाडी किंवा यंत्र चालवणाऱ्यांनी त्या दिवसांत जपावं.

आठवड्यात तीन किंवा जास्त रात्री, असं तीन महिने चाललं तर ती जुनाट अनिद्रा समजतात. तिच्यावरचा पहिला उपचार गोळी नसून सीबीटी-आय ही बोलण्याची आणि सवयींची उपचारपद्धत आहे. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2016 मध्ये तशी शिफारसच केली. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाताना तिचं नाव घेऊन विचारावं. पण पश्चात्तापाचा सूर 'मी वाईटच आहे'वरून 'मी नसलेलीच बरी' असा बदलत असेल, तर कागद आणि कंदील बाजूला ठेवून त्याच दिवशी कुणाशी तरी बोलावं. सरकारची टेलि-मानस सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास मोफत चालते, आणि तिथे मराठीत बोलता येतं.