पैठणीला उशीर झाला, आता पत्र कसं लिहायचं?

येवल्यातल्या एका पैठणी विक्रेत्याची कल्पना करा. पुण्याच्या एका ग्राहकबाईंनी मुलीच्या लग्नासाठी जांभळी पैठणी विणायला टाकली आहे. साडी १० नोव्हेंबरला घरपोच द्यायची ठरली आहे आणि लग्न २४ तारखेला आहे. आज ५ तारीख. विणकर आजारी होता, माग आठ दिवस बंद राहिला आणि पदर अजून अर्धाच झाला आहे. पदरावरचा प्रत्येक मोर वेगवेगळ्या रंगांचं रेशीम हातानं गुंफत उतरवावा लागतो, त्यामुळे घाई करून आठ दिवसांचं काम तीन दिवसांत होत नाही. आता ग्राहकाला ईमेल लिहायचा आहे.

अशा वेळी बहुतेकांच्या बोटांतून जो मजकूर आपोआप उतरतो, तो साधारण असा असतो : “प्रिय ग्राहक, काही अपरिहार्य कारणास्तव आपली ऑर्डर पाठवण्यास विलंब होत आहे. आपली गैरसोय झाली असल्यास आम्ही दिलगीर आहोत. कृपया सहकार्य करावे.”

व्याकरणात काही चूक नाही. उद्धट शब्दही एक नाही. तरी लग्नघरातली बाई हे वाचून चिडणार, आणि तिचं चिडणं रास्त आहे. या तीन वाक्यांत साडी कधी येणार हे नाही, उशीर कोणामुळे झाला हे नाही आणि आता तिनं काय करायचं हेही नाही. सूचनाफलकावरची भाषा उचलून एका माणसाला पाठवली की असं होतं. स्टेशनवर गाडी उशिरा येणार असते तेव्हा ऐकणारे हजार असतात. इथे वाचणारी एकच आहे, आणि तिची तारीख ठरलेली आहे.

सुरुवात क्रियापदापासून करू, कारण मराठीत जबाबदारी क्रियापदातच लपते किंवा दिसते. “उशीर झाला” म्हटलं की उशीर पावसासारखा आपोआप पडल्यासारखा वाटतो. “आम्ही उशीर केला” म्हटलं तर मुद्दाम केल्यासारखं ऐकू येतं, आणि तेही खरं नाही. आपल्या भाषेत या दोन्हींच्या मधली एक चांगली जागा आहे : “आमच्याकडून उशीर झाला.” हेतू नव्हता, पण जबाबदारी आमची, हे दोन्ही त्या एका ‘आमच्याकडून’मध्ये येतं. माफीच्या पत्रात हा शब्द असायलाच हवा असं माझं ठाम मत आहे.

“गैरसोय झाली असल्यास” यातलं ‘असल्यास’ मात्र काढून टाकावं. लग्नाच्या तोंडावर साडी आलेली नाही, म्हणजे गैरसोय झालेलीच आहे. तिथे शंका काढली की वाचणाऱ्याला वाटतं, आपला त्रास यांना अजून सिद्ध करून हवा आहे.

माफीच्या शब्दांचं वजनही सारखं नसतं. ‘खेद वाटतो’ हे बाहेरून पाहणाऱ्याचं वाक्य आहे; दुसऱ्याच्या दुकानातल्या उशिराबद्दलही खेद वाटू शकतो. ‘दिलगिरी व्यक्त करतो’ला परिपत्रकाचा वास येतो, मोठ्या संस्थेच्या जाहीर निवेदनात ते शोभतं. ‘क्षमस्व’ सुटसुटीत आहे, पण दूरदर्शनच्या ‘व्यत्ययाबद्दल क्षमस्व’नं ते कानाला इतकं ओळखीचं झालं आहे की त्यात बोलणारा माणूस दिसत नाही. येवल्याच्या दुकानदारानं पुण्याच्या बाईंना “मनापासून माफी मागतो” असं लिहावं, आणि एकदाच लिहावं. तीच माफी चार वेळा आली की सूर गयावया करण्याचा होतो, आणि “जाऊ द्या हो, होतं असं” म्हणत आपली समजूत घालायचं काम उलट ग्राहकाच्या गळ्यात पडतं.

आता ‘तुम्ही’ की ‘आपण’? आदर दाखवायचा म्हणून बरेच जण ‘आपण’ धरतात. धंद्याच्या पत्रात त्याची एक अडचण आहे. ‘आपण’मध्ये समोरचा माणूस येतो, तसे ‘आपण दोघे’ही येतात. “आपण ठरवलेली तारीख चुकली” या वाक्यात तारीख ग्राहकानं ठरवली, की दोघांनी मिळून? उशिराच्या पत्रात नेमकी हीच गोष्ट संदिग्ध राहून चालत नाही. म्हणून सगळीकडे ‘तुम्ही’ ठेवावं आणि कबूल केलं ते ‘आम्ही’, हे स्पष्ट लिहावं. मराठीत ‘तुम्ही’ पुरेसं आदराचं आहे. वाईट दिसतं ते पहिल्या ओळीत ‘आपली ऑर्डर’ आणि तिसऱ्या ओळीत ‘तुमचा पत्ता’. तसं पत्र दोन ठिकाणांहून उचलून जोडल्यासारखं वाटतं.

‘सहकार्य करावे’, ‘नोंद घ्यावी’, ‘कळवावे’ ही रूपं विनंतीची म्हणून लिहिली जातात, पण कार्यालयातून आली की ती हुकमासारखी वाचली जातात. ज्याच्याकडून चूक झाली त्यानं “कळवाल का?” असं विचारावं. प्रश्न केला की निर्णय समोरच्याच्या हातात जातो.

हे सगळं धरून पत्र असं होईल. नावाच्या जागा मोकळ्या ठेवल्या आहेत.

विषय : तुमच्या पैठणीला उशीर होत आहे, नवी तारीख १८ नोव्हेंबर

श्रीमती ……… यांस,
सप्रेम नमस्कार.

तुमची जांभळी पैठणी १० नोव्हेंबरला घरपोच देऊ असं आम्ही कबूल केलं होतं. ती तारीख आम्हाला पाळता येणार नाही. हा उशीर आमच्याकडून झाला आहे आणि त्याबद्दल मी मनापासून माफी मागतो.

विणकर आजारी असल्यामुळे माग आठ दिवस बंद होता. अर्धा पदर दुसऱ्या विणकरानं पुरा केला तर विणीतला फरक दिसेल, म्हणून त्यांनीच तो पूर्ण करावा असं आम्ही ठरवलं. माग बंद पडला तेव्हाच हे तुम्हाला कळवायला हवं होतं.

साडी १६ तारखेला मागावरून उतरेल. फॉल-पिको आम्ही इथेच करून देऊ. त्याचे पैसे घेणार नाही. १८ तारखेला दुपारी दोनपर्यंत आमचा माणूस साडी तुमच्या घरी आणून देईल.

लग्न २४ तारखेला आहे. ब्लाउज शिवायला हा वेळ कमी पडेल असं वाटत असेल, तर याच रंगाची, वेगळ्या पदराची तयार पैठणी आमच्याकडे आहे. ती उद्याच पाठवू शकतो. फोटो सोबत जोडले आहेत. दोन्ही नको असेल, तर तुम्ही भरलेली पूर्ण रक्कम तीन दिवसांत परत करू.

यातलं काय सोयीचं पडेल ते ७ तारखेपर्यंत कळवाल का? तोवर तुमच्या साडीचं काम चालूच राहील.

आपला नम्र,
……… (दुकानाचं नाव, मालकाचा फोन)

या पत्रात सगळ्यात जास्त विचार कारणाच्या परिच्छेदाचा करावा लागतो. कारण अजिबात दिलं नाही तर लपवाछपवी वाटते आणि लांबलं तर रडगाणं होतं. इथे दोन वाक्यांत काम झालं आहे. विणकराचा आजार काय होता, घरात कोण अडचणीत होतं, हे लिहिलेलं नाही; तो त्या माणसाचा खासगी भाग आहे, आणि ते वाचून ग्राहकाला उगीच अपराधी वाटतं. शिवाय दोष विणकरावर ढकललेला नाही. त्यालाच काम पुरं करू द्यायचं हा निर्णय ‘आम्ही’ घेतला, असं मालक सांगतो. तिसरं वाक्य अनेकांना लिहवत नाही : आधी कळवायला हवं होतं. खरं तर ग्राहकाच्या रागाचा मोठा वाटा तिथेच असतो, आणि तो स्वतःहून कबूल केला की पुढचं बोलणं शांतपणे होतं.

कारण खरंच असावं, याला कायद्याचीही बाजू आहे. ऑनलाइन विक्रीसाठी २०२० साली केंद्र सरकारनं जे ग्राहक संरक्षण नियम केले, त्यांनुसार सांगितलेल्या मुदतीनंतर माल आला तर विक्रेत्याला तो परत घ्यायला किंवा पैसे परत करायला नकार देता येत नाही. अपवाद आहे तो माणसाच्या आवाक्याबाहेरच्या आपत्तीचा. म्हणजे पूर आला नसताना ‘नैसर्गिक आपत्तीमुळे’ असं लिहिणं नुसतं खोटं राहत नाही, तर पुढे तक्रार झाली की तोच ईमेल विक्रेत्याच्या विरोधात दाखवता येतो. ‘अपरिहार्य कारणास्तव’ या शब्दांचा तर कोणालाच उपयोग नाही.

तारखेचंही तसंच. ‘लवकरात लवकर पाठवू’ हे वचन नव्हेच. ‘१६ तारखेला पाठवू’ हेसुद्धा अर्धंच आहे, कारण पाठवणं दुकानदाराच्या सोयीचं आणि पोहोचणं ग्राहकाच्या. म्हणून पत्रात दोन्ही तारखा आहेत, आणि विषयात फक्त पोहोचण्याची. मोबाइलवर विषयाच्या पहिल्या काही शब्दांपलीकडे फारसं दिसत नाही, त्यामुळे ‘महत्त्वाची सूचना’ असा विषय देऊन ती जागा वाया घालवू नये. १६ आणि १८ यांच्यामध्ये एक दिवस मुद्दाम मोकळा आहे. पुन्हा काही अडलं तर त्या दिवसात निस्तरता येतं, पण पत्रात त्याचा उल्लेख करायचा नाही.

फुकट फॉल-पिकोऐवजी ‘पुढच्या खरेदीवर दहा टक्के सूट’ देण्याचा मोह होतो. तो टाळावा. या बाईंना पुढची खरेदी सुचतही नसेल. त्यांना वेळ हवा आहे. फॉल-पिको करून आलेली साडी त्यांचे पुण्यातले दोन दिवस वाचवते. भरपाई नुकसानाच्या जातीची असली तरच ती भरपाई वाटते.

शेवटी ‘लोभ असावा’ लिहिलेलं नाही. घरगुती पत्रात हे शब्द गोड आहेत, पण ज्याची तारीख चुकवली त्याच्याकडे लगेच लोभ मागणं थोडं लवकर होतं. ‘आपला नम्र’ हा ठरीव शेवट आहे, तो ‘तुम्ही’च्या पत्रातही खटकत नाही. त्याखाली ‘ग्राहक सेवा विभाग’ नको. माणसाचं नाव हवं आणि जो उचलला जाईल असा फोन हवा.

माल कुरियरकडे अडकला असेल तर पत्राची चौकट हीच राहते. “कुरियर कंपनीनं उशीर केला” हे कारण म्हणून सांगता येतं, माफीच्या जागी नाही. कुरियर ग्राहकानं निवडलेलं नसतं. “पार्सल ११ तारखेपासून नाशिकच्या गोदामात अडकलं आहे, आज आम्ही त्यांच्याशी बोललो, उद्या संध्याकाळी पुन्हा तुम्हाला कळवतो” एवढं पुरतं. मग उद्या संध्याकाळी सांगण्यासारखं काही नसलं तरी कळवायचंच.

आणि १८ तारीखही हुकणार असं १५ला दिसलं, तर दुसरा माफीचा ईमेल लिहीत बसू नये. आधी फोन करावा, तयार साडी त्याच रात्री घेऊन निघण्याची तयारी दाखवावी, आणि जे ठरेल ते तीन ओळींत ईमेलनं पाठवावं, म्हणजे दोघांकडेही ते लेखी राहील.