चीजमधील रेनेट आणि शाकाहारी ग्राहकाचे लेबलवाचन

बेंगळुरूच्या व्हाइटफील्डमधील एखाद्या मराठी कुटुंबाकडे परदेशातून आलेला नातलग इटलीचे ‘पार्मिजानो रेजानो’ चीज घेऊन येतो. लेबलवर दूध, मीठ व रेनेट हे तीनच घटक असतात. तरीही ते शाकाहारी नसते. या नावाच्या चीजसाठी वासराचेच रेनेट वापरण्याचे बंधन आहे.

दूधपित्या वासराच्या चौथ्या जठरातील कायमोसिन हे विकर दुधातील कप्पा-केसीन प्रथिन एका ठरावीक जागी तोडते. त्यामुळे केसीनचे कण एकमेकांना चिकटून दूध साकळते. पनीर आम्लाने नासवलेल्या दुधाचे असल्याने तेथे हा प्रश्न उद्भवत नाही.

रायझोम्युकर मीही या बुरशीचे विकर इतर जागीही प्रथिने तोडते. म्हणून दीर्घकाळ मुरवलेले चीज कडवट होऊ शकते. कार्डूनची फुले किंवा पनीरडोडीची फळे वापरल्यासही कडवटपणाचा धोका असतो. यावर उपाय म्हणून वासराच्या कायमोसिनचे जनुक सूक्ष्मजीवात घालून किण्वनाने तेच विकर तयार केले जाते. अमेरिकेत त्यास १९९० मध्ये मान्यता मिळाली. त्यासाठी वासराची कत्तल करावी लागत नाही. मात्र जनुकाचे मूळ ग्राह्य मानायचे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे.

लेबलवर ‘मायक्रोबियल’ किंवा ‘व्हेजिटेरियन रेनेट’ असल्यास स्रोत स्पष्ट होतो. नुसत्या ‘रेनेट’ किंवा ‘एन्झाइम’ या शब्दांवरून तो कळत नाही. भारतात विक्रीस असलेल्या पाकिटावर हिरवा ठिपका पाहावा. परदेशातून आणलेल्या पाकिटावर तो नसल्यास उत्पादकाकडे विचारणा करावी.