पोलंडमधल्या फार्मसीच्या पडद्यावरचं ‘तेच औषध’

पोलंडमध्ये डॉक्टरच्या चिठ्ठीचं औषध घरपोच येत नाही. तिथल्या औषध कायद्यानुसार ऑनलाइन दुकानाला टपालाने फक्त बिनचिठ्ठीची औषधं पाठवता येतात. चिठ्ठीच्या औषधाला अपंग रुग्णांसाठीचा एक अपवाद सोडला, तर फार्मसीत जाऊनच घ्यावं लागतं. त्यामुळे पडद्यावर आपण जे करतो ती खरेदी नसते, आरक्षण असतं. बटणावर `Zarezerwuj` लिहिलेलं असतं, म्हणजे ‘राखून ठेवा’, आणि त्याच्याजवळ `Odbiór w aptece`, म्हणजे ‘फार्मसीतून घेऊन जा’. आरक्षण केलं म्हणून चिठ्ठी वापरली गेली, असं होत नाही. ती वापरली जाते काउंटरवर, फार्मासिस्टने सरकारी यंत्रणेतून उघडल्यावर. हे लक्षात ठेवलं की पडद्यासमोरची घाई कमी होते. औषध हातात पडण्याआधी सगळं निवांत वाचून बघायला ही एवढीच वेळ असते, आणि ती वापरलीच पाहिजे.

८ जानेवारी २०२० पासून पोलंडमध्ये इलेक्ट्रॉनिक चिठ्ठी, म्हणजे `e-recepta`, बंधनकारक झाली. डॉक्टरने ती लिहिली की रुग्णाच्या फोनवर चार अंकी कोड येतो. नवख्या माणसाला वाटतं, चार अंकांत एवढ्या मोठ्या देशातल्या चिठ्ठ्या कशा काय मावतात? त्या मावत नाहीतच. एकाच वेळी हजारो लोकांचा कोड सारखा असू शकतो. तो कामाचा ठरतो तो पेसेलच्या जोडीनेच. पेसेल, पडद्यावर `PESEL`, हा तिथल्या रहिवाशाचा अकरा अंकी क्रमांक. परदेशातून येऊन राहण्याची नोंदणी केलेल्यांनाही तो मिळतो. ज्याच्याकडे तो नाही, त्याने डॉक्टरकडून छापील प्रत मागून घ्यायची. तिच्यावर चव्वेचाळीस अंकी लांबलचक किल्ली आणि बारकोड असतो, त्यावरून चिठ्ठी उघडते.

कोड आणि पेसेल दोन्ही ज्याच्या हाती, त्याला ती चिठ्ठी वाचता येते आणि औषधही नेता येतं. आजारी माणसाच्या वतीने घरच्यांनी किंवा शेजाऱ्याने औषध आणावं म्हणून ही सोय आहे आणि ती फार चांगली आहे. पण म्हणूनच दोन्ही आकडे एकाच मेसेजमध्ये ग्रुपवर टाकू नयेत. एक मेसेजने पाठवावा, दुसरा फोनवर सांगावा.

आता एक चिठ्ठी उघडून बघू. वॉर्सात नोकरी करणारा एक मराठी इंजिनिअर, वय चाळिशीचं, मधुमेह नुकताच निघालेला. डॉक्टरने वर्षभराची चिठ्ठी दिली आहे. रुग्णाच्या सरकारी खात्यात, म्हणजे `pacjent.gov.pl` वर, ती साधारण अशी दिसेल:

```
Glucophage XR 1000 mg
tabletki o przedłużonym uwalnianiu
6 op. po 60 tabl.
D.S. 1 x 1 wieczorem, z posiłkiem
```

पहिल्या ओळीत कंपनीने दिलेलं नाव आणि मात्रा. आतलं औषध मेटफॉर्मिन. दुसरी ओळ लांब आणि उच्चारायला अवघड, म्हणून बहुतेक जण ती सोडून देतात. खरं तर या चिठ्ठीतली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच. तिचा अर्थ, सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या. तिसरीत सहा पाकिटं, प्रत्येकात साठ गोळ्या. चौथीत कशी घ्यायची ते: रोज एकदा एक, संध्याकाळी, जेवणाबरोबर.

तो फार्मसीच्या साइटवर शोधायला जातो आणि जवळच्या दुकानात हे पाकीट नसतं. `Niedostępny`, उपलब्ध नाही. पण खाली बरीच पर्यायी पाकिटं दिसतात. एक असतं `Avamina SR 1000`, दुसरं `Siofor 1000`. तिन्हींत मेटफॉर्मिन, तिन्हींत हजार मिलिग्रॅम. नावाकडे बघून निवडणारा माणूस हमखास चुकतो, कारण चिठ्ठीतल्या औषधाच्या नावात ‘एक्सआर’ आहे आणि पर्यायाच्या नावात ‘एसआर’. ही दोन वेगवेगळी असतील असं वाटून तो बाजूचं साधं वाटणारं तिसरं पाकीट घेतो. प्रत्यक्षात उलट आहे. एसआर लिहिलेल्या पाकिटाच्या दुसऱ्या ओळीतही तेच `tabletki o przedłużonym uwalnianiu` आहे. तिसऱ्याखाली मात्र `tabletki powlekane` लिहिलंय, म्हणजे साध्या, वरून आवरण असलेल्या गोळ्या. आवरण असलं म्हणून गोळी सावकाश विरघळते असं नाही.

साध्या गोळीतलं औषध लवकर मोकळं होतं, म्हणून ती दिवसातून दोन-तीनदा विभागून देतात. सावकाश विरघळणारी गोळी दिवसातून एकदा पुरावी अशी बनवलेली असते, आणि पोटालाही बहुधा सोसते. चिठ्ठीवर ‘रोज एकदा एक’ लिहिलेलं असताना साधी हजारची गोळी घेतली, तर मळमळ आणि जुलाब व्हायची शक्यता वाढते, आणि रात्री घेतलेल्या गोळीचा जोर दुसऱ्या दिवसभर त्याच प्रमाणात टिकत नाही. उलट, सावकाश विरघळणारी गोळी गिळायला मोठी वाटते म्हणून कुटून घेतली, तर दिवसभराचं औषध एकदम मोकळं होतं. पत्रकात `połykać w całości`, म्हणजे ‘अख्खी गिळा’, असं असतं ते याचसाठी.

पोलंडच्या २०११ च्या प्रतिपूर्ती कायद्याने पर्यायी औषधाची व्याख्या रेखीव केली आहे: आतलं औषध तेच, मात्रा तीच, उपचाराच्या परिणामात फरक पडणार नाही असं रूप, आणि ज्या आजारासाठी द्यायचं तोही तोच. असं स्वस्त औषध असेल तर फार्मासिस्टने ते रुग्णाला सांगायलाच हवं, आणि रुग्णाने मागितलं तर द्यायला हवं. डॉक्टरने चिठ्ठीवर `NZ` लिहिलं असेल तर मात्र बदल करता येत नाही. ‘बदलू नका’चं ते संक्षिप्त रूप. तेव्हा पर्याय शोधायच्या आधी आपल्या चिठ्ठीवर ही दोन अक्षरं आहेत का, ते बघावं.

पडद्यावर या खऱ्या पर्यायांना `Zamienniki` किंवा `Odpowiedniki` म्हणतात. त्याच पानावर खाली `Podobne produkty`, म्हणजे ‘मिळतीजुळती उत्पादनं’, अशी पट्टी असू शकते. ती विक्रीसाठी असते, कायद्यातल्या पर्यायाशी तिचा संबंध नाही. तिथे साखरेसाठी म्हणून वनस्पतींच्या कॅप्सुलाही येतात. ओळखायची खूण सोपी: त्यांच्यावर `suplement diety` असं छापलेलं असतं, म्हणजे पूरक आहार. चिठ्ठीच्या औषधावर `Rp` असतं, बिनचिठ्ठीच्या औषधावर `OTC`.

किमतीचा रकानाही लोकांना गोंधळात टाकतो. प्रतिपूर्तीच्या यादीतल्या औषधाची किंमत सरकार ठरवतं, त्यामुळे तेच पाकीट, तीच सवलत असेल तर कुठल्याही दुकानात तेवढ्यालाच मिळतं; स्वस्त दुकान शोधत बसण्यात अर्थ नाही. फरक पडतो तो `100%`, `50%`, `30%` आणि `ryczałt` यांतली कोणती पातळी आपल्या चिठ्ठीवर आहे त्याने. साइट अनेकदा पूर्ण किंमत दाखवते, आणि काउंटरवर रक्कम कमी होते. ६५ वर्षांवरच्या आणि १८ वर्षांखालच्या रुग्णांना यादीतली बरीच औषधं मोफत मिळतात. डॉक्टरने चिठ्ठीत तशी खूण केलेली असली पाहिजे.

मग येतं `Dawkowanie`, म्हणजे मात्रा कशी घ्यायची. साइटवरच्या औषधाच्या पानावर या शीर्षकाखाली जो मजकूर असतो, तो पत्रकातला, सगळ्या रुग्णांसाठीचा. आपल्यासाठी डॉक्टरने लिहिलेली मात्रा आपल्या चिठ्ठीत असते, आणि पाळायची ती तीच. आपण भारतीय डॉक्टरांच्या `1-0-1` ला सरावलेले असतो आणि ते तिथेही चालतं: सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. पण पोलिश डॉक्टर बरेचदा गुणाकाराच्या चिन्हाने लिहितात. त्यात पहिला आकडा दिवसातून किती वेळा, आणि दुसरा एका वेळी किती. म्हणजे `2 x 1` म्हणजे दोनदा एकेक, आणि `1 x 2` म्हणजे एकदाच दोन. दिवसाच्या एकूण गोळ्या दोन्हीकडे दोनच, तरी शरीराला तो फरक कळतो. दुसरी सवय दशांशाची. तिथे टिंबाऐवजी स्वल्पविराम असतो: `2,5 mg` म्हणजे अडीच मिलिग्रॅम. लहान अक्षरांत तो स्वल्पविराम नजरेतून सुटला की पंचवीस होतात. हृदयाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांत ही चूक फार महागात पडेल, म्हणून आकडा मोठा करून वाचावा.

आपल्या इंजिनिअरने चिठ्ठी वर्षाची म्हणून सहाही पाकिटं राखून ठेवायचा प्रयत्न केला, तर काउंटरवर तेवढी मिळणार नाहीत. वर्षभराच्या चिठ्ठीवर एका वेळी १२० दिवसांपुरतंच औषध देता येतं. रोज एक गोळी, साठांचं पाकीट, म्हणजे दोन पाकिटं. पुढची तीन-चतुर्थांश मुदत सरल्यावर, म्हणजे ९० दिवसांनी. हा हिशोब फार्मासिस्ट चिठ्ठीवरच्या मात्रेवरून करतो. डॉक्टरने तोंडी ‘आता दोन घ्या’ सांगितलं आणि चिठ्ठीवर `1 x 1` च राहिलं, तर गोळ्या आधी संपतील आणि दुकान पुढच्या देणार नाही. अशा वेळी दुकानात वाद घालून उपयोग नसतो. डॉक्टरकडून चिठ्ठी नव्याने लिहून घ्यावी लागते. शिवाय साधी चिठ्ठी ३० दिवसच चालते आणि अँटिबायोटिकची फक्त सात दिवस, म्हणून ‘सवडीने आणू’ म्हणून ती ठेवू नये.

`Gotowe do odbioru`, म्हणजे ‘तयार आहे, घेऊन जा’, असा निरोप आला की निघायचं. काउंटरवर कोड सांगायचा, पेसेल बऱ्याच ठिकाणी छोट्या कीपॅडवर टाकता येतो, म्हणजे मागच्या रांगेला ऐकू जात नाही. तिथे फार्मासिस्ट बाईंना ‘पानी मागिस्तेर’ म्हणायची रीत आहे, त्यांच्या पदवीवरून आलेली. पर्याय दिलाय का, असं विचारायचं असेल तर `Czy to jest zamiennik?` एवढं पुरतं. बोलता आलं नाही तर फोनवर लिहून दाखवावं. मात्रा पाकिटावर पेनाने लिहून द्यायला सांगावं.

आणि पाकीट पिशवीत टाकण्याआधी आतल्या औषधाचं नाव वाचावं, ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरांत असतं ते: `metformini hydrochloridum` किंवा तत्सम. घरच्या कपाटात गेल्या वेळचं `Glucophage XR` अर्धं उरलेलं असेल, आईने पुण्याहून ग्लायकोमेट एसआरही पाठवलं असेल, आणि आज हातात तिसऱ्याच नावाचं पाकीट असेल. तिन्हींत एकच औषध आहे. नावं वेगळी म्हणून तिन्ही वेगळी समजून कुणी दोन पाकिटांतली एकेक घेतली, तर मात्रा दुप्पट होते. नवं पाकीट उघडताना जुनं त्याच्या शेजारी ठेवून दोन्हींवरची ती बारीक ओळ जुळवावी, आणि एका वेळी एकच पाकीट चालू ठेवावं.