आजीच्या सत्तरीला दोन शब्द

अनेक मराठी घरांत सत्तरीला भौमरथी शांत करतात. होम उरकतो, कणकेच्या सत्तर दिव्यांनी औक्षण होतं आणि पानं मांडायच्या आधी कुणीतरी म्हणतं, "आता नातीनं दोन शब्द बोलावेत." नात उभी राहते. प्रेमळ, कष्टाळू, सुगरण ही विशेषणं संपली की तिला पुढचं सुचत नाही, कारण ती कुठल्याही आजीला चालतात.

दोन मिनिटांत स्वयंपाकघरातला एकच धडा नीट सांगून होतो. समजा, आजी सोलापूरकडची आहे आणि तिनं नातीला ज्वारीची भाकरी शिकवली. मग "छान शिकवलंस" म्हणून थांबू नये, काय शिकवलं तेच सांगावं. उदाहरणार्थ असं:

"आजी, माझी पहिली भाकरी थापतानाच चिरली. तू मला काही बोलली नाहीस, डब्यातलं पीठ चिमटीत घेऊन बघितलंस. 'जुनं झालंय, विरी गेलीय याची,' म्हणालीस. मग आधणाचं पाणी घालून तेच पीठ मळायला लावलंस. भाकरी तव्यावर पडली की वरून पाणी फिरवायचं आणि ते पुरतं सुकायच्या आत उलटायची, हे तू माझा हात धरून दाखवलंस. त्या दिवशी भाकरी फुगली."

यातला प्रत्येक तपशील खरा आहे. ज्वारीत गव्हासारखा चिकटपणा नसतो. पीठ शिळं झालं की ते आणखीच तुटतं. उकळत्या पाण्यानं त्यातला स्टार्च थोडा शिजतो आणि गोळा धरून राहतो. पाणी पुरतं सुकल्यावर उलटली तर भाकरीला भेगा पडतात, वाफ निसटते आणि पापुद्रा सुटत नाही. ऐकणाऱ्या आत्या-माम्यांनी हे सगळं हातानं केलेलं असतं, म्हणून त्या लगेच माना डोलावतात.

गोष्टही त्याच परातीजवळची असली तर जोडणी वेगळी करावी लागत नाही. 1955 साली जन्मलेली आजी 1972 च्या दुष्काळात सतरा वर्षांची होती. तेव्हा महाराष्ट्रात लाखो माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, सुकडी खात होती आणि रेशनवर आलेल्या लाल मिलोच्या भाकरी करत होती. आजीनं हे भाकरी थापता थापता सांगितलं असेल, तर भाषणात एवढंच पुरे: "त्या वर्षी तू मिलोची भाकरी थापलीस, म्हणून तुला कुठल्याही पिठाची भीती वाटत नाही."

मात्र अशी आठवण आधी आजीला विचारूनच घ्यावी. कुठल्या कामावर होतीस, सोबत कोण होतं, हे तिच्याच तोंडून ऐकावं. त्या वर्षी घरातलं माणूस गेलं असेल किंवा दावणीची जनावरं विकावी लागली असतील, तर पाहुण्यांसमोर तो विषय तिला नकोसाही वाटेल. तिनं नको म्हटलं तर मिलो सोडून द्यावा आणि भाकरीवरच बोलावं.