वीकेंडचा हिशेब: पाच ओळींचं कॅप्शन

आजचा भाग छोटा आहे, विषय वीकेंडच्या फोटोंखालचं कॅप्शन. आपण बहुतेक वेळा काय लिहितो? 'शनिवारी लोहगडला गेलो, मळवलीला उतरलो, भाज्यावरून चालत गेलो, पाऊस होता, खूप मजा आली.' यात चुकीचं काहीच नाही, पण हे वेळापत्रक झालं. आणि पाऊस, किल्ला तर फोटोतही दिसतोच आहे.

आता तोच शनिवार यादीत बघा:

लोहगड, शनिवार. हिशेब असा:
माणसं: ४
छत्र्या: १
'अजून किती राहिलं?': ११ वेळा
विंचूकाट्यावरून दिसलं: धुकं
सोमवारी पुण्यात उरणार: ३

शेवटच्या ओळीला वाचणारा थांबतो. चौघांपैकी एक जण नोकरीसाठी बंगळुरूला चाललाय, हे कुठेही लिहिलेलं नाही, तरी कळतं. 'मिस करू यार' लिहायची गरजच उरत नाही. हे जमतं कारण आधीच्या ओळी एकाच साच्यात आहेत: आधी वस्तू, मग आकडा. वाचणाऱ्याला त्या चालीची सवय होते, आणि मग त्याच चालीत जड गोष्ट येते. तीच ओळ सगळ्यात वर टाकून बघा, खालच्या छत्र्या एकदम फालतू वाटायला लागतील.

मधे धुक्याची ओळ का? तिथे आकडा अपेक्षित होता, आला नाही. असा धक्का एकदाच द्यायचा. प्रत्येक ओळीत गंमत केली तर साचाच मोडतो.

पहिल्या ओळीचं काम वेगळं. इन्स्टाग्राम फीडमध्ये सुरुवातीचा थोडाच मजकूर दाखवतं, बाकीचा दाबल्यावर उघडतो. म्हणून जागा आणि 'हिशेब' हा शब्द वर ठेवला, पुढे यादी आहे हे लगेच कळतं.

१, २, ३ असे क्रमांक कधी द्यायचे? क्रम महत्त्वाचा असेल तेव्हाच. उदाहरणार्थ, एका पोस्टमध्ये पाच फोटो असतील आणि प्रत्येक ओळ त्या-त्या फोटोची असेल. पण मग पोस्ट करण्याआधी फोटो मागेपुढे केले, तर ओळीही हलवा. नाहीतर तिसऱ्या फोटोवर चौथी ओळ येते आणि सगळा घोळ होतो.

ओळ ठेवायची की काढायची, हे असं ठरवा. फोटो झाकून ओळ वाचा. फोटोत आहे तेच ती सांगत असेल, तर उडवा. मग विचार करा, ही ओळ दुसऱ्या कुणाच्याही वीकेंडला चिकटेल का? 'चहा: खूप' चिकटते. '११ वेळा' तुमचीच आहे, कारण कुणीतरी खरंच मोजलं होतं. त्यासाठी चालतानाच फोनच्या नोट्समध्ये आकडे टिपून ठेवा, रविवारी रात्री ते आठवत नाहीत.

आणि सांगण्यासारखी एकच गोष्ट घडली असेल, तर यादी नकोच. सरळ दोन वाक्यं लिहा.

चला, भेटू पुढच्या भागात!