नोटीस उशिरा मिळाली. ठराव टिकेल का?

आज आपण बोलणार आहोत ते आपल्या प्रोसिडिंग वहीतल्या दोन वाक्यांबद्दल. पहिले वाक्य असते, ‘नोटिशीबाबत कोणाची हरकत नाही.’ दुसरे असते, ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय घेण्यात आले.’ बहुतेक वह्यांत ही वाक्ये सवयीने लिहिलेली असतात. पण पुढे एखाद्या ठरावावर वाद झाला, की सगळ्यात आधी बोट तिथेच ठेवले जाते.

गटाची नेहमीची सभा ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी होते. तिला वेगळी नोटीस लागत नाही, कारण ती कधी आहे हे प्रत्येकीला माहीत असते. प्रश्न येतो तो विशेष सभेचा, आणि ग्रामसंघ किंवा प्रभागसंघ यांच्या सभांचा. तिथे किती दिवस आधी नोटीस द्यायची, हे त्या संस्थेच्या नियमावलीत लिहिलेले असते. नोटीस दोन गोष्टींसाठी असते. एक, प्रत्येकीला येता यावे. दोन, कोणते विषय आहेत हे आधी कळून तिला घरी, गटात विचार करता यावा. म्हणजे नोटीस हा प्रत्येक सदस्याचा स्वतःचा हक्क आहे.

आणि हक्क जिचा, तीच तो सोडू शकते. नोटीस कमी दिवसांची मिळाली, तरी एखादी ताई सभेला आली आणि म्हणाली, ‘मला चालेल, घ्या सभा,’ तर तिच्यापुरता तो दोष मिटला. नंतर तिला ‘मला नोटीसच नीट नव्हती’ असे सहजासहजी म्हणता येत नाही. पण जी आलीच नाही, तिच्या वतीने हजर असलेल्या बाकीच्या जणी ‘आमची हरकत नाही’ असे म्हणू शकत नाहीत. आजचे सगळे बोलणे या एका गोष्टीभोवती आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका ग्रामसंघात १२ गट आहेत आणि प्रत्येक गटाच्या २ प्रतिनिधी, म्हणजे एकूण २४ जणी. नियमावली म्हणते, सभेची नोटीस ७ पूर्ण दिवसांची हवी आणि गणपूर्तीला, म्हणजे कोरमला, १६ जणी हव्यात. तुमच्या नियमावलीत आकडे वेगळे असतील, ते आज घरी गेल्यावर बघून घ्या. प्रशिक्षणाला जाणाऱ्या दोघींची नावे १६ तारखेपर्यंत कळवायची असा निरोप आला, म्हणून सचिव ताईंनी १५ तारखेला सभा ठेवली. नोटीस काही जणींना १० तारखेला मिळाली, काहींना ११ ला. विषय तीन : मागचे इतिवृत्त, हिशेब आणि प्रशिक्षणासाठी नावे.

आता दिवस मोजू. पूर्ण दिवस म्हणजे नोटीस दिली तो दिवस आणि सभेचा दिवस सोडून मधले दिवस. १० तारखेला मिळाली तर ११, १२, १३, १४ असे ४ दिवस. ११ ला मिळाली तर फक्त ३. नोटीस अपुरी आहे, यात शंका नाही. सभेला १९ जणी आल्या. ५ आल्या नाहीत. त्या पाचांपैकी तिघींच्या नोटीस वहीत सह्या आहेत. दोघींना मात्र नोटीस पोचलीच नाही. एक माहेरी गेली होती, आणि दुसरीच्या गटाने प्रतिनिधी बदलली तरी यादीत जुनेच नाव राहिले होते.

अशा सभेत पहिला विषय नोटिशीचाच घ्यावा, इतिवृत्ताच्याही आधी. कारण चर्चा सुरू झाल्यावर, निकाल आपल्या मनाविरुद्ध जातो आहे असे दिसल्यावर कोणी हरकत घेतली, तर तिला तेवढे वजन राहत नाही. आणि जिला खरेच हरकत आहे, तिलाही ती सुरुवातीलाच नोंदवायची संधी मिळायला हवी. हरकत नोंदवण्यासाठी सभेला येणे म्हणजे हक्क सोडणे नव्हे. पण गप्प बसून राहणे आणि मत देणे याचा अर्थ मात्र तसा लावला जाऊ शकतो.

अध्यक्ष ताईंनी विचारल्यावर १८ जणी म्हणाल्या, चालेल. एक ताई म्हणाल्या, ‘नावांचे चालेल, पण हिशेबाचा कागद मला कालच दिसला. तो मी वाचलेला नाही.’ अशी हरकत दाबू नये. संमती विषयवार देता येते. म्हणून वहीत असे लिहावे :

‘विषय १. नोटिशीबाबत. नियमावलीप्रमाणे ७ पूर्ण दिवसांची नोटीस आवश्यक आहे. आजच्या सभेची नोटीस १० व ११ तारखेस दिली गेल्याने मुदत ४ व ३ दिवसांची झाली. कारण : प्रशिक्षणार्थींची नावे १६ तारखेपर्यंत कळवायची आहेत. हे सर्व उपस्थित १९ प्रतिनिधींना वाचून दाखवले. १९ पैकी १८ जणींनी कमी मुदतीबाबतची आपली हरकत सर्व विषयांपुरती सोडली. एका प्रतिनिधीने प्रशिक्षणाच्या विषयास संमती दिली, हिशेबाच्या विषयास हरकत घेतली. हिशेबाचा विषय पुढील सभेपर्यंत तहकूब. संमती देणाऱ्यांच्या सह्या खाली घेतल्या आहेत. ५ प्रतिनिधी गैरहजर. त्यांपैकी दोघींना नोटीस पोचलेली नाही.’

हरकत घेणाऱ्या ताईंचे नाव वहीत लिहायचे, इथे आम्ही सोडले आहे. या नोंदीत पाच गोष्टी आहेत : दोष काय, कारण काय, वाचून दाखवले का, कोणी काय सोडले, आणि कोण हजर नव्हते. नुसते ‘सर्वांना मान्य’ लिहिले, तर यातली एकही कळत नाही. ज्या ताई अंगठा देतात, त्यांच्या अंगठ्याशेजारी नाव आणि वाचून दाखवणारीची सही हवी. सभा सुरू झाल्यावर उशिरा आलेल्या ताईंना ही नोंद पुन्हा वाचून दाखवावी, आणि त्यांची सही वेळ घालून घ्यावी.

आता ऐनवेळच्या विषयांकडे येऊ. याच सभेत दोन गोष्टी निघाल्या. एक, अंगणवाडीची दुरुस्ती चालू आहे, तर पुढची सभा समाजमंदिरात घ्यावी. दुसरी, ग्रामसंघाने ९०,००० रुपयांची मंडप आणि भांडी विकत घेऊन भाड्याने द्यावीत. दोन्ही विषय नोटिशीत नव्हते. पहिला घेतला तर कोणाचे नुकसान नाही. अध्यक्षांची परवानगी आणि उपस्थितांची संमती लिहून तो घ्यावा. दुसरा घेऊ नये, जरी सगळ्या १९ जणी ‘हो’ म्हणत असल्या तरी. ज्या ताईंनी नोटीस वाचून, ‘नावेच तर ठरवायची आहेत, मी नाही गेले तरी चालेल’ असा विचार केला, त्यांना पैशाचा एवढा विषय निघेल हे माहीतच नव्हते. त्यांचा विचार करायचा हक्क १९ जणींना सोडता येत नाही. वहीत लिहावे, ‘मंडप खरेदीबाबत चर्चा झाली. निर्णय घेतला नाही. पुढील सभेच्या विषयपत्रिकेवर दरपत्रकांसह घ्यावा.’

मोठी खरेदी, मोठे कर्ज, बँकेतल्या सह्या बदलणे, नियमावलीत बदल, पदाधिकारी काढणे, हे विषय ऐनवेळी घ्यायचेच नाहीत. कोणाला पदावरून काढायचे असेल, तर तिला स्वतःला तशी स्पष्ट नोटीस हवी. आणि गणपूर्ती नसेल, तर हजर असलेल्यांच्या संमतीने ती भरून निघत नाही.

नियमावलीत कमी मुदतीची सोय दिली असेल, तर तिचे शब्द नीट वाचा. ‘उपस्थितांची संमती’ आणि ‘सर्व सदस्यांची संमती’ यात मोठा फरक आहे. आपल्या उदाहरणात पहिल्यासाठी १९ जणी पुरतील, दुसऱ्यासाठी २४ लागतील. ज्या ताई उत्पादक कंपनीच्या संचालक आहेत, त्यांच्यासाठी कायद्यातच लिहिले आहे : संचालक मंडळाच्या सभेची नोटीस ७ दिवस आधी, आणि कमी मुदतीने सभा घेतली तर मंडळाने त्याची कारणे लेखी नोंदवायची.

राहिला प्रश्न नोटीस न पोचलेल्या दोघींचा. तो किती गंभीर आहे, हे १९७३ सालच्या परमेश्वरी प्रसाद गुप्ता विरुद्ध भारत सरकार या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावरून कळते. एका कंपनीच्या संचालक मंडळाने महाव्यवस्थापकांना कामावरून कमी करण्याचा ठराव केला होता. त्या सभेची नोटीस एका संचालकाला दिली गेली नव्हती. तेवढ्या कारणाने तो ठराव ग्राह्य नाही, असे न्यायालयाने धरले. पण नंतरच्या रीतसर सभेत मंडळाने तोच निर्णय कायम केला होता, म्हणून निर्णय टिकला. आपला ग्रामसंघ कंपनी नाही, पण यातला मार्ग आपल्यालाही उपयोगी आहे.

म्हणून १५ तारखेनंतर सचिव ताईंनी पाचही गैरहजर ताईंना भेटावे, काय ठरले ते वाचून दाखवावे आणि संमती किंवा हरकत लेखी घ्यावी. त्यावर ज्या दिवशी सही झाली तीच तारीख घालावी, सभेची नव्हे. तो कागद इतिवृत्ताला जोडावा. मग पुढच्या सभेची पूर्ण ७ दिवसांची नोटीस काढून त्यात वेगळा विषय लिहावा : ‘१५ तारखेच्या सभेतील प्रशिक्षणासाठी नावांचा ठराव कायम करणे.’ नुसते ‘मागील इतिवृत्त कायम केले’ एवढ्यावर भागवू नये. त्यातून लिहिलेले बरोबर आहे एवढेच समजते, की निर्णयही पुन्हा मान्य केला, यावर वाद निघू शकतो.

शेवटी, जुनी वही तपासताना काय बघायचे ते सांगतो. संमतीच्या सह्या हजेरीपेक्षा जास्त आहेत का? दोन ओळींच्या मध्ये बारीक अक्षरात ‘नोटिशीबाबत हरकत नाही’ असे नंतर घुसवलेले दिसते का? गैरहजर लिहिलेल्या ताईंची सही त्याच सभेखाली, त्याच तारखेची आहे का? असे काही आढळले, तर वहीत खाडाखोड करू नका. तो ठराव पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घ्या आणि सगळ्यांसमोर पुन्हा ठरवा.