वनस्पतिजन्य प्रथिनांची उपयुक्तता

वनस्पतिजन्य प्रथिनांची उपयुक्तता म्हणजे धान्ये, डाळी, तेलबिया इत्यादींमधील प्रथिनांपैकी जो भाग पचून शरीराच्या उतींची बांधणी व झीज भरून काढण्यासाठी वापरता येतो, त्याचे प्रमाण होय. अन्नघटक तक्त्यांत आणि वेष्टनांवर दिलेले प्रथिनांचे ग्रॅम हे अन्नातील एकूण प्रथिने दर्शवतात. त्यांपैकी किती उपयोगी पडतील, हे त्या आकड्यावरून कळत नाही. त्यामुळे आहाराची दैनंदिन नोंद ठेवणाऱ्यांपुढे हे आकडे कमी करून लिहावेत का, असा प्रश्न उभा राहतो.

## ग्रॅमचा आकडा कसा मिळतो

प्रथिने सहसा थेट मोजली जात नाहीत. डॅनिश रसायनशास्त्रज्ञ योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीने अन्नातील नायट्रोजन मोजला जातो आणि त्याला ६.२५ ने गुणले जाते. प्रथिनांत १६ टक्के नायट्रोजन असतो, हे त्यामागील गृहीतक आहे. गव्हाच्या प्रथिनांत नायट्रोजनचे प्रमाण अधिक असल्याने त्यांच्यासाठी ५.७ हा गुणक योग्य मानला जातो. गव्हाला ६.२५ हा गुणक लावल्यास प्रथिने सुमारे १० टक्क्यांनी जास्त दिसतात.

## उपयुक्तता कमी होण्याची कारणे

पहिले कारण पचनीयतेचे आहे. वनस्पतींच्या पेशीभित्तिका व तंतू प्रथिनांपर्यंत पाचक रसांना सहज पोहोचू देत नाहीत. कच्च्या कडधान्यांतील ट्रिप्सिनरोधके आणि टॅनिने पचनात अडथळा आणतात. भिजवणे, मोड आणणे आणि विशेषतः चांगले शिजवणे यांमुळे हा अडथळा बराच कमी होतो, परंतु पूर्णपणे नाहीसा होत नाही.

दुसरे कारण अमिनो आम्लांच्या प्रमाणाचे आहे. शरीराला काही अमिनो आम्ले स्वतः तयार करता येत नाहीत. त्यांपैकी गरजेच्या मानाने सर्वांत कमी असलेल्या आम्लाला मर्यादक अमिनो आम्ल म्हणतात; बाकीची आम्ले कितीही असली, तरी प्रथिनांची बांधणी त्याच्यापाशी अडते. तृणधान्यांत बहुधा लायसिन मर्यादक असते, तर डाळींत मेथिओनिन व सिस्टीन ही गंधकयुक्त आम्ले कमी असतात. या दोन्ही बाबी एकत्र विचारात घेणारा गुणांक १९९१ पासून वापरात आला. पुढे २०१३ मध्ये अन्न व कृषी संघटनेने लहान आतड्याच्या शेवटापर्यंतची पचनीयता मोजणारी सुधारित पद्धत सुचवली.

## उदाहरण : पोळी आणि वरण

१०० ग्रॅम कणकेत सुमारे १०.५ ग्रॅम, तर ४० ग्रॅम कोरड्या तूरडाळीत सुमारे ८.७ ग्रॅम प्रथिने असतात. नोंदीत त्यांची बेरीज १९.२ ग्रॅम होते. प्रौढांसाठी दर ग्रॅम प्रथिनामागे ४८ मिलिग्रॅम लायसिन अपेक्षित आहे. गव्हात ते सुमारे २७, तर तुरीत सुमारे ६५ मिलिग्रॅम असते.

नुसत्या गव्हाचा लायसिन गुणांक २७ भागिले ४८, म्हणजे ०.५६ येतो. पचनीयता ८० टक्के धरल्यास कणकेतील १०.५ ग्रॅमपैकी सुमारे ४.७ ग्रॅमच उपयुक्त ठरतात. डाळीला पूर्ण गुण दिले, तरी तिचे ७ ग्रॅम धरून वेगवेगळ्या हिशोबाची बेरीज १२ ग्रॅमच्या आत राहते.

दोन्ही पदार्थ एकत्र धरल्यास मात्र सरासरी लायसिन दर ग्रॅममागे ४४ मिलिग्रॅम होते आणि गुणांक ०.९२ वर जातो. तितकीच पचनीयता धरून उपयुक्त प्रथिने सुमारे १४ ग्रॅम येतात, कारण डाळीतील जादा लायसिन गव्हाची उणीव भरून काढते, तर गव्हातील गंधकयुक्त आम्ले डाळीची. हे दोन पदार्थ एकाच घासात असण्याची गरज नाही. प्रौढांना ते दिवसभरात मिळाले तरी चालते.

## आहारनोंदीत दुरुस्ती करावी का

वरील उदाहरणावरून दिसते की प्रत्येक पदार्थाचे ग्रॅम स्वतंत्रपणे कमी केल्यास मिश्र आहाराचे मूल्य प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. म्हणून नोंदीत मूळ ग्रॅमच ठेवणे आणि दुरुस्ती करायची झाल्यास ती संपूर्ण दिवसाच्या आहारावर करणे अधिक योग्य ठरते.

त्याआधी उद्दिष्ट कोणत्या प्रथिनांसाठी ठरवले आहे, हे पाहावे लागते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींनुसार प्रौढांना शरीराच्या दर किलो वजनामागे उच्च दर्जाची प्रथिने ०.८३ ग्रॅम, तर कमी दर्जाची असल्यास सुमारे १ ग्रॅम लागतात. ५५ किलो वजनाच्या व्यक्तीसाठी हे आकडे अनुक्रमे ४६ आणि ५५ ग्रॅम होतात. वरील जेवणाचे उपयुक्त प्रमाण ०.७३ आहे. सगळा आहार तसाच असेल आणि ४६ ग्रॅमचे उद्दिष्ट मूळ ग्रॅमनेच पूर्ण केले, तर प्रत्यक्षात सुमारे ३४ ग्रॅम उपयोगी पडतात. उलट ५५ ग्रॅमच्या उद्दिष्टात दर्जाची सूट आधीच धरलेली असते. त्यावर नोंदही कमी केल्यास ७५ ग्रॅम प्रथिने खावी लागतील. एकच वजावट दोनदा झाल्याचा हा परिणाम होय.

आहार जवळजवळ पूर्णपणे एकाच धान्यावर अवलंबून असेल, तर मात्र दुरुस्तीला खरा अर्थ असतो. अशा आहारात डाळीचा किंवा दुधाचा वाटा वाढवल्यास गुणांक सुधारतो. तसेच शिजलेल्या डाळीच्या वजनाला कोरड्या डाळीचे मूल्य लावल्यास पाण्याच्या वजनामुळे प्रथिने दुप्पट ते तिप्पट दिसू शकतात. ही चूक दर्जाच्या दुरुस्तीपेक्षा मोठी असल्याने तिचे निराकरण आधी करावे लागते.